आधी दिवा, मग शंख

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमचं घर आहे, आणि दिवेलागणीचा शंख वाजवायचं काम इतकी वर्षं माझ्याकडेच होतं. गेल्या डिसेंबरात माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, "तीन महिने वजन उचलायचं नाही, पोटावर ताण द्यायचा नाही, आणि शंख तर हातातसुद्धा घेऊ नका." पहिल्याच संध्याकाळी नातवाने विचारलं, "आजोबा, मग शंख कोण वाजवणार?" मी म्हटलं, "तू." तो साडेसात वर्षांचा आहे. लगेच देवघराकडे धावला. त्याला थांबवून सांगितलं की आधी दिवा, मग शंख.

त्या हिवाळ्यात मला एकदाही शंख वाजवून दाखवता आला नाही, सगळं तोंडीच शिकवावं लागलं. त्यामुळे एरवी नकळत जे होऊन जातं ते मला शब्दांत मांडावं लागलं. तेच इथे लिहितो आहे. ज्या आजी-आजोबांना घरातल्या मुलाच्या हाती हे द्यायचं आहे, त्यांच्या उपयोगी पडेल.

दिव्याची तयारी

वेळ घड्याळावर बांधू नका. आमच्याकडे डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जूनमध्ये सव्वासात वाजतात. "सात वाजता दिवा" असा नियम मुलाला लावून दिला तर थंडीत तो अंधार पडून तास-दीड तास झाल्यावर दिवा लावेल. मी त्याला गच्चीवर नेऊन सूर्य दाखवला आणि सांगितलं की पाखरं झाडावर परतायला लागली की हात-पाय धुवायचे. दोन दिवसांत त्याला वेळ आपोआप कळू लागली.

आमच्या देवघरात संध्याकाळी दोन दिवे लागतात, तेलाची समई आणि तुपाचं निरांजन. चंबळच्या या पट्ट्यात मोहरीचं तेल घरोघर असतं आणि शेजारी त्याचाच दिवा लावतात, तोही छान जळतो. आमच्याकडे पहिल्यापासून तिळाचं तेल. तेल कुठलंही घ्या, फक्त तळणीतून उरलेलं नको. त्यातला बारीक गाळ वातीत अडकतो आणि वात तेल ओढेनाशी होते.

वाती मुलाला स्वतः वळू द्या, कारण दिव्याचे निम्मे दोष वातीत असतात आणि ते हाताला कळावे लागतात. समईसाठी लांब वात. कापसाचा पेळू मांडीवर ठेवून तळहाताने पुढे सारायचा, की पीळ बसतो. नातवाने पहिली वात इतकी घट्ट वळली की ती सुतळीसारखी झाली. लावली तेव्हा मिनिटभर जळून बारीक झाली. कापसाच्या तंतूंमधल्या फटींतून तेल वर चढतं, आणि पीळ फार घट्ट झाला की त्या फटी दबतात. दुसरी इतकी सैल झाली की तेलात पडताच पसरली. तिसरी बरी झाली. आम्ही दोन वाती एकत्र करून एक लावतो, एकेरी वात लावत नाही. ही आईकडून आलेली रीत.

वात समईत ठेवली की तिचं टोक काठाबाहेर तांदळाच्या दाण्याएवढंच काढायचं. मुलं हौसेने लांब काढतात, ज्योत मोठी दिसावी म्हणून. मग ज्योत तडतडते, धूर सोडते आणि वरच्या भिंतीवर काळा पट्टा उमटतो. धूर दिसला की वात मागे घ्यायची, तेल वाढवून काही होत नाही. आणि लावण्याआधी टोक तेलात बुडवून ओलं करायचं. कोरड्या कापसाला काडी लावली तर तो भस्सकन पेटतो आणि तेल वर पोचायच्या आत राख होतो. "आजोबा, लागला!" म्हणून मूल मागे वळेपर्यंत दिवा विझलेला असतो.

निरांजनाची फुलवात वेगळी. तळहातावर कापसाचा चपटा गोल पसरायचा, मध्ये चिमटीत धरून वर ओढायचा आणि फक्त देठाला पीळ द्यायचा. खालचं फूल तुपात बसतं, देठ वर उभा राहतो.

इथेच आमचा पहिला आठवडा गेला. जानेवारीत ग्वाल्हेरचं तूप दगडासारखं थिजतं. नातू चमच्याने तूप खरवडून निरांजनात घाली, वर फुलवात रोवी आणि काडी लावी. ज्योत येई, क्षणभर राही, देठ काळा पडून विझून जाई. चार काड्या गेल्या, डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, "वात काय पिते?" तो म्हणाला, "तूप." "थिजलेलं पिता येतं का?" त्याने निरांजनात बोट घालून पाहिलं, मग स्वतःच ते दोन्ही तळहातांत धरून बसला. तेवढ्याने सगळं तूप वितळत नाही, पण कडेने सुटतं. मग आम्ही रीत ठरवली. संध्याकाळचा चहा झाला की तुपाची वाटी पातेल्यातल्या गरम पाण्यात ठेवायची, फुलवात त्या पातळ तुपात पूर्ण भिजवून निरांजनात बसवायची आणि वरून चहाचा एक चमचा तूप सोडायचं. एकदा ज्योत धरली की भोवतीचं तूप ती स्वतः वितळवत जाते. आमच्या निरांजनाला एवढं तूप अर्धा तास पुरतं. मे महिन्यात हा प्रश्न नसतो. तेव्हा कूलरचा वारा असतो, दिवा लावायच्या आधी तो बंद करावा लागतो.

काडी

काडेपेटी मुलाच्या हाती देताना मी बाजूला बसतो आणि उठत नाही, फोन वाजला तरी. अंगात सुती सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. देवघराचा पडदा बाजूला खोचलेला. शेजारी वाटीत दोन बोटं पाणी, जळकी काडी टाकायला.

पेटी डाव्या हातात, काडी उजव्या, आणि ओढायची ती आपल्यापासून दूर. पेटल्यावर काडी आडवी धरायची. टोक खाली केलं तर ज्योत बोटांकडे चढते आणि मूल घाबरून काडी टाकतं. हीच ती वेळ, जेव्हा भाजतं किंवा चटई जळते. त्याला आधी सांगून ठेवा की चटका बसेलसं वाटलं तर हात झटकायचा नाही, काडी पाण्याच्या वाटीत सोडायची. हे मी त्याच्याकडून न पेटवलेल्या काडीने दहा वेळा करून घेतलं. दिवा लावताना काडी वातीच्या बाजूने न्यायची, वरून नाही, म्हणजे हात ज्योतीवर येत नाही.

एकदा बोटाला चटका बसलाच. बोट नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरलं, चांगली वीस मिनिटं. त्यावर तूप, हळद, टूथपेस्ट काही लावलं नाही. फोड आला नाही.

दिवा लागला की "शुभं करोति कल्याणम्" आणि मग "दिवा लाविला देवापाशी, उजेड पडला तुळशीपाशी". बाहेर मित्रांशी तो दिवसभर हिंदी बोलतो. घरातही मराठी तुटक झाली आहे. पण या दोन ओळी म्हणताना त्याचा ळ चांगला लागतो, आणि मला ते ऐकायला आवडतं.

दिव्यावर तोंडाने फुंकर मारायची नाही, हेही त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं. तेल संपून दिवा आपणच शांत होऊ द्यायचा. घराबाहेर जायचं असेल तर वात पळीने मागे तेलात ओढून घ्यायची.

दात येईपर्यंत थांबलो

दिवा जमला आणि तो शंखासाठी हट्ट करू लागला. पण त्याचे वरचे पुढचे दोन्ही दात दसऱ्याच्या सुमारास पडले होते. शंख वाजतो तो ओठांच्या थरथरीने, आणि त्या ओठांना मागून दातांचा टेकू लागतो. दात नसले तर वरचा ओठ आत खचतो, हवा फटीतून निसटते. या वयात ही अडचण बहुतेक मुलांना येते, आणि मूल समजतं की आपल्याला जमतच नाही. संक्रांतीपर्यंत नवे दात निम्मे वर आले, तेव्हा सुरुवात केली.

तोवर शंखाची ओळख करून दिली. आमच्याकडे दोन शंख आहेत. एक पूजेचा, अडणीवर बसणारा, त्याचं टोक बंद असतं आणि त्यात पाणी भरून ठेवतात. तो वाजत नाही, वाजवायचाही नाही. दुसरा वाजवायचा, त्याचं टोक कापून भोक केलेलं असतं. नवीन घ्यायचा असेल तर वीतभर लांबीचा घ्या. फार लहान शंखाचा सूर चढा असतो, त्याला ओठ जास्त आवळावे लागतात, आणि फार मोठा मुलाला पेलत नाही. भोक करंगळीच्या नखाएवढं असावं आणि त्याच्या कडेवरून बोट फिरवल्यावर कुठे खरखर लागू नये, नाहीतर ओठ कापतो. भोक बोटाने दाबून आत पाणी भरा आणि थोडा वेळ धरून ठेवा. कुठूनही पाझरलं तर चीर आहे, असा शंख कधीच नीट वाजणार नाही. कानाला लावून घुमतो का ते पाहण्यात अर्थ नाही, तसा तर पेलाही घुमतो.

ओठ, मग नळी, मग शंख

शंखात जोराने हवा कोंबली की तो वाजतो, असा जवळजवळ सगळ्यांचा समज असतो. म्हणून मुलं गाल फुगवतात, लालबुंद होतात आणि नुसतं "फुस्स" येतं. खरं तर शंख बासरीसारखा नाही, तुतारीसारखा आहे. मिटलेल्या ओठांमधून हवा गेली की ओठ थरथरतात, आणि आतली वळणदार पोकळी त्या थरथरीतला आपला सूर उचलून मोठा करते. थरथर नसेल तर कितीही हवा घाला, शंख मुकाच राहतो.

म्हणून पहिले चार दिवस शंख दिलाच नाही. "म" म्हणताना ओठ जसे मिटतात तसे मिटायचे, तोंडाचे कोपरे किंचित आवळायचे, मध्यभाग सैल ठेवायचा आणि हवा सोडायची. "फुर्रर्र" असा आवाज येतो आणि ओठांना गुदगुल्या होतात. गुदगुल्या झाल्या म्हणजे बरोबर चाललं आहे. नातवाने हे लहानपणी मोटार चालवताना केलेलंच होतं, तेवढी आठवण पुरली.

पाचव्या दिवशी बागेला पाणी घालायच्या जुन्या नळीचा हातभर तुकडा कापला, कड पॉलिश पेपरने घासली, धुतली आणि त्याला दिली. तेच "फुर्रर्र" नळीच्या तोंडावर करायचं. नळी शंखापेक्षा लवकर बोलते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाच तिने म्हशीसारखा हंबरडा फोडला आणि तो आनंदाने अंगणभर पळाला. त्याच्या ओठांना आता कळलं होतं काय करायचं ते.

श्वासासाठी मेणबत्ती घेतली. देवापुढचा दिवा नव्हे, हे त्याला स्पष्ट सांगितलं. मेणबत्ती हातभर अंतरावर ठेवायची आणि अशी फुंकर घालायची की ज्योत वाकेल पण विझणार नाही. वाकलेली ज्योत जितके आकडे मोजेपर्यंत तशीच राहील तितका श्वास आपल्या ताब्यात. पहिल्या दिवशी तीन आकडे झाले. खांदे वर न उचलता पोट पुढे येईल असा श्वास घ्यायला शिकला, तेव्हा आठवडाभरात आठ झाले.

मग शंख. उजव्या हाताची बोटं शंखाच्या उघड्या तोंडात, डावा हात खालून आधाराला. भोक ओठांच्या मध्यावर टेकवायचं. काहींना किंचित बाजूला जमतं, तेही चालेल. टेकवायचं म्हणजे हवा कडेने निसटू नये एवढंच, दाबायचं नाही. जोरात दाबलं की ओठ आवळतात आणि थरथर थांबते. आत दात थोडे विलग. जिभेने हलकेच "थु" करून हवा सोडायची.

आठ दिवस आवाज आला नाही. मी समोर बसून फक्त पाहत आणि ऐकत होतो, आणि नेमकं काय चुकतंय ते तेवढ्यावरून कळतं. नुसतं फुस्स ऐकू आलं म्हणजे ओठ फार सैल. हवाच जात नाही, चेहरा लाल होतो, म्हणजे ओठ कुलपासारखे बंद. चिरका किंकाळीसारखा सूर आला म्हणजे ओठ जरा जास्त आवळले, शंख त्याच्या वरच्या सुरावर गेला. गुळगुळ आवाज म्हणजे आत लाळ साठली, शंख उलटा करून झटका. आमच्या नातवाची अडचण या कशातच बसेना. ओठ बरोबर, श्वास बरोबर, तरी हवा एका कडेने निसटे. दोन दिवसांनी ध्यानात आलं. थंडीने ओठ फुटतात म्हणून त्याची आई संध्याकाळी त्याच्या ओठांना तूप लावत होती. तुपावर भोक घसरत होतं. तूप झोपताना लावायचं ठरलं, आणि वाजवण्याआधी ओठ पुसून फक्त पाण्याने ओले करायचे.

नवव्या संध्याकाळी आवाज आला. छोटासा, मध्येच तुटलेला, पण खर्जातला खरा शंखाचा आवाज. तो स्वतःच दचकला आणि शंख तोंडापासून दूर करून त्याच्या आत पाहू लागला. मला उठून तो हातात घ्यावासा वाटला. ऑपरेशनच्या टाक्यांवर हात ठेवून मी बसून राहिलो.

एका बैठकीत पाच-सहा प्रयत्नच, मग पुरे. लागोपाठ फुंकलं की मुलाला गरगरतं. गरगरलं की शंख खाली ठेवून बसवायचं, त्या दिवशी पुन्हा नाही. सर्दी, कानदुखी असेल तेव्हा सुट्टी, आणि खोकला असताना एकाचा शंख दुसऱ्याने वाजवायचा नाही. मोठ्यांपैकी ज्यांना हर्निया, काचबिंदू किंवा न आवरणारा रक्तदाब आहे, किंवा ज्यांचं नुकतंच डोळ्याचं वा पोटाचं ऑपरेशन झालं आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय शंख तोंडाला लावू नये. हे मी स्वतःवरून सांगतो आहे.

आवाज यायला लागला की तोंड उघड्या दाराकडे करून वाजवायचा. बंद खोलीत, कुणाच्या कानाशी किंवा तान्ह्या बाळाजवळ नाही, त्या आवाजाने कान खरोखर दुखावतो. आमच्याकडे तीनदा वाजवतात, दोहोंच्या मध्ये एक पूर्ण श्वास.

चिंच आणि शंख

एक नुकसान झालं, ते सांगायलाच हवं. शनिवारी समई आणि निरांजन घासायचं काम नातवाकडे आहे. चिंचेच्या कोळाने पितळ लख्ख होतं, ते पाहून त्याने मी झोपलो असताना वाजवायचा शंखही चिंचेने घासला. उठून पाहतो तर शंखावर बारीक बुडबुडे. लगेच नळाखाली धरला, तरी एका बाजूची झिलई गेली, तिथे आता खडूसारखं पांढरं आणि खरखरीत लागतं. शंख चुनखडीचाच एक प्रकार आहे. चिंच, लिंबू, व्हिनेगर, कुठलंही आंबट त्याला खातं. पितळेवरचा काळा थर ज्या आंबटाने निघतो, तेच आंबट शंखाचं अंगच विरघळवतं. त्याला रागावलो नाही, कारण दोन्ही वस्तू एकाच ताटात ठेवून "हे घास" असं मीच म्हटलं होतं. गेलेली झिलई परत येत नाही. भोकाची कड शाबूत राहिली म्हणून आवाज वाचला.

शंखाला फक्त साधं पाणी. वाजवून झाल्यावर आतून खळखळून घ्यायचा, उलटा करून दोन-तीन झटके द्यायचे आणि पालथा वाळवायचा. ओला तसाच ठेवला तर आत कुबट वास धरतो. आठवड्यातून एकदा कोमट पाणी चालतं, उकळतं नाही.

मार्चमध्ये डॉक्टरांनी मला परवानगी दिली. त्या संध्याकाळी नातवाने दिवा लावला, शुभंकरोती म्हटलं आणि शंख माझ्यापुढे धरला. मी वाजवला, पंधरा आकडे टिकला. त्याचा आता नऊ टिकतो. तो म्हणाला, "आजोबा, तुमचा मोठा आहे, पण शेवटी हलतो." ऐकलं तर खरंच हलत होता, तीन महिन्यांत पोटाचा जोर उतरला होता. आता रोज मेणबत्ती आम्ही दोघं घेऊन बसतो. तो माझे आकडे मोजतो, मी त्याचे. मग शंख धुऊन तो घडी केलेल्या पंचावर पालथा घालतो, खरखरीत बाजू भिंतीकडे.